गावाकडची नोकरी आषाढात बघा

पुण्याहून तलवाड्याला परत यायचं ठरवणारे बहुतेक जण दिवाळीत चाचपणी करतात. तेव्हा गेवराई तालुका गजबजलेला असतो. कापूस जिनिंगला येतोय, कारखान्याचं गाळप सुरू होतंय, वजनकाट्यापासून हिशेबापर्यंत सगळीकडे माणसं हवीत. (त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडत असतात, तेही बघा.)

समजा, पुण्यात पगार २२ हजार. खोली, मेस, प्रवास यांत १२ हजार गेले, उरले १०. इथे कुणी १५ हजार देतो म्हणाला. घरी राहून खर्च ३ हजार, उरतात १२. फायदाच की! पण काम पाचच महिने असेल तर? वर्षाची कमाई ७५ हजार. बारा महिन्यांचा खर्च ३६ हजार वजा केला की राहतात ३९ हजार. पुण्यात उरले असते १ लाख २० हजार. शिवाय पाऊस कमी पडला की ऊस कमी आणि गाळप लवकर आटोपतं.

म्हणून पगाराआधी महिने विचारा. साखर कारखान्यात 'हंगामी कायम' कामगाराला बंद काळातही रिटेन्शन भत्ता मिळतो. ठेकेदाराच्या माणसाला सहसा नाही. तुमचं नाव कुणाच्या हजेरीपटावर लागणार, हे कागदावर घ्या.

आणि एक चक्कर आषाढात मारा. तेव्हा ज्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत पगारी माणूस कामावर दिसेल, ती जागा बारमाही. अशा किती दिसतात, ते मोजा.