काकांची चार्ज-नोट आणि पंपाशेजारची बादली

नोकरी सोडून जाणारा माणूस शेवटच्या दिवशी एक कागद देऊन जातो. कुणी त्याला चार्ज-नोट म्हणतं, कुणी हँडओव्हर. साहेब तो वरून खाली वाचतात, ‘पाहिले’ असं लिहून सही ठोकतात आणि त्या माणसाला नो-ड्यूज मिळतो. माझं मत विचाराल तर अशा कागदाची तपासणी टेबलाशी बसून होऊच शकत नाही. कागदावर जे लिहिलेलं असतं ते बहुतेक बरोबरच असतं. घोटाळा न लिहिलेल्यात असतो, आणि न लिहिलेलं वाचता येत नाही, शोधावं लागतं.

उदाहरण घरचंच घेतो. हॉस्टेलचा पंप, पॅनेल आणि लाईट सांभाळणारे काका दुसरीकडे नोकरी लागली म्हणून निघाले. त्यांच्या जागी आयटीआय झालेला एक तरुण वायरमन आला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मेंटेनन्सचा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी त्या दोन सकाळी पंपहाऊसमध्ये होतो. काकांची नोट दीड पानाची, अक्षर मोत्यासारखं. पंप सकाळी साडेपाचला आणि दुपारी साडेचारला चालू करणे, टाकी भरली की बंद करणे, स्टँडबाय पंप एक, जरुरीचे फोन नंबर पाच. आणि शेवटी ठळक ओळ: ‘प्रलंबित कामे – नाहीत.’ ओरलला एक्स्टर्नलसुद्धा खूश होईल अशी नोट.

दादाने मात्र एक भारी युक्ती केली. तो म्हणाला, “काका, तुम्ही त्या खोक्यावर बसा. मी फक्त तुमचा कागद बघून पंप चालू करतो. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.” काका हसले आणि बसले.

दादाने मेन टाकला, हिरवं बटण दाबलं. मोटर फिरली, आवाजही बरा वाटला. पण अ‍ॅमीटरचा काटा ५ वर येऊन थांबला आणि प्रेशर गेज जागचा हलेना. साडेसात एचपीची मोटर पाणी उचलत असेल तर तिने १० अँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. करंट निम्मा, प्रेशर शून्य, म्हणजे पंपाच्या पोटात पाणी नाही, हवा आहे. काकांना राहवलं नाही. “अरे, बंद कर बंद कर! आधी पाणी तर ओत!”

झालं. नोटमध्ये नसलेली पहिली ओळ मिळाली. संपमधल्या पाइपच्या तळाशी असणारा फूट व्हॉल्व्ह दोन वर्षांपासून नीट बसत नव्हता. रात्रभरात सक्शन पाइप रिकामा व्हायचा, म्हणून काका रोज सकाळी वरचा हवेचा कॉक उघडून फनेलमधून बादलीभर पाणी ओतायचे, कॉकमधून बुडबुडे थांबून पाणी यायला लागलं की कॉक बंद आणि मग बटण. तसाच कोरडा पंप फिरवत ठेवला तर आतलं सील तापून जातं. ती बादली पंपाशेजारी सगळ्यांसमोर होती. अ‍ॅमीटरच्या काचेवर १० च्या आकड्याजवळ लाल पेनाची खूणही होती. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी उगाच रेघ मारलीय.

काकांनी हे लपवलं होतं का? अजिबात नाही. त्यांच्या लेखी ती जुगाड नव्हतीच, ती ‘पंप चालू करणे’ या क्रियेचा भाग होती. म्हणून ‘काका, काही जुगाड केलंय का?’ हा प्रश्न फुकट जातो. उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ येतं. त्याऐवजी डोळे उघडे ठेवून जागा फिरावी. विनाकारण ठेवलेली वस्तू, भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे, दाराला लावलेली लाकडी पाचर, पॅनेलमध्ये वेगळ्याच रंगाच्या वायरचा तुकडा, असं काही दिसलं की बोट ठेवून विचारायचं, ‘हे कशाला?’ आणि प्रत्येक जुगाडामागे एक अर्धवट काम दडलेलं असतं, तेही विचारायचं. फूट व्हॉल्व्ह बदलायचा तर संप उपसावा लागतो, पाइप वर काढावा लागतो, अर्धा दिवस पाणी बंद. टर्म चालू असताना पोरं ते होऊ देत नाहीत आणि सुट्टीत कुणाला आठवण राहत नाही. म्हणजे ‘प्रलंबित कामे – नाहीत’ ही ओळ तिथेच खोटी पडली.

वेगळ्या रंगाची वायर पॅनेलमध्ये सापडलीच. तीन फेजपैकी एक गेला तर मोटर बंद पाडणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पॅनेलवर होता, त्याचा दिवाही लागत होता, पण त्याचे दोन कंट्रोल पॉइंट पिवळ्या वायरने जोडून टाकलेले. दिवा फक्त शोभेला. मी तिथून सटकावं की काय या विचारात होतो, पण काका आपणहून बोलले. गेल्या उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज तिन्ही फेजला सारखं येईना, प्रिव्हेंटर सारखा ट्रिप मारायचा, वर अंगाला साबण लावलेली पोरं बोंबलायची. “म्हणून तेवढ्यापुरतं जोडलं, आणि मग राहिलंच. पण मी असतो ना इथे. एक फेज गेला की मोटरचा आवाज लगेच बदलतो, मला जिन्यातूनही कळतं.” चालू मोटरचा एक फेज गेला तरी ती फिरत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जाळते. म्हणजे त्या मोटरचं रक्षण रिले करत नव्हता, काकांचा कान करत होता. कान चार्जमध्ये कसा देणार?

दादाने ती वायर काढून खात्री केली. मोटरच्या तारा सोडवल्या, कॉन्टॅक्टरची कॉईल ज्या दोन फेजवर आहे ते सोडून तिसऱ्या फेजचा स्टार्टरआधीचा फ्यूज काढला आणि बटण दाबलं. प्रिव्हेंटर कामात असेल तर कॉन्टॅक्टर ओढला जात नाही किंवा काही सेकंदांत सुटतो. तो सुटला. (हा प्रयोग लायसन्सवाल्या वायरमनचा आहे. आपण नुसतं इलेक्ट्रिकलला आहोत म्हणून कुणी पॅनेलमध्ये हात घालू नये.) इथे एक गोष्ट मी आवर्जून सांगेन: त्या वेळी रेक्टर सर पंपहाऊसमध्ये नव्हते म्हणून काका बोलले. नियमाबाहेरचं जुगाड वरिष्ठांसमोर कुणी कबूल करत नाही. पहिली फेरी जाणारा आणि येणारा या दोघांचीच असावी, साहेबांची सही दुसऱ्या फेरीला.

आता तो ‘स्टँडबाय पंप एक’. बघायला गेलो तर फाउंडेशनवर पंप होता, शेजारी चार बोल्ट उभे होते, मोटर गायब. गेटवरच्या रजिस्टरमध्ये फेब्रुवारीतला रिटर्नेबल गेट पास निघाला: मोटर रिवाइंडिंगला बाहेर गेलेली, परत आल्याची नोंद नाही. काका म्हणाले, “माझं काम झालंय. कोटेशन अकाउंट्सला दिलंय.” दुकानदार म्हणाला, मोटर केव्हाच तयार आहे, पैसे द्या आणि न्या. अकाउंट्समध्ये कोटेशन एका सहीसाठी पडलेलं. निघणाऱ्या माणसाच्या मनात ‘प्रलंबित’ याचा अर्थ ‘माझ्याकडे अडलेलं’ एवढाच असतो. दुसऱ्याच्या टेबलावर अडलेलं त्याच्या हिशेबातून सुटतं. म्हणून प्रलंबित कामं माणसाच्या आठवणीवर सोडू नयेत. ती गेट पासच्या रजिस्टरमध्ये, तक्रारवहीतल्या टिक न झालेल्या ओळींत आणि बिलांच्या फाइलीत सापडतात. आणि लिहिताना नुसतं ‘मोटर बाकी’ असं लिहून भागत नाही. वस्तू कुठे आहे, कोणत्या कागदावर आणि कुणाकडे अडली आहे, हे हवं.

पंपाच्याच बाबतीत अशी सुटलेली ओळ किती महाग पडते ते उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला दिसलं. दुरुस्तीसाठी एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ही गोष्ट शिफ्ट बदलताना रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच चालू केला. १६७ माणसं गेली. आपल्याकडे फार तर आंघोळी बुडतात, पण चूक त्याच जातीची आहे.

राहिले फोन नंबर. दादाने पाचही नंबर काकांसमोर लावून पाहिले, आणि हे प्रत्येकाने करावं. लिफ्टवाल्यांचा माणूस कधीच बदललेला. पाणीपुरवठ्याचा नंबर ऑफिसचा, तिथे साडेदहाशिवाय कुणी येत नाही. पाणी येतं पहाटे पाचला, आणि त्या वेळी उपयोगाचा असतो तो चावी सोडणारा माणूस. त्याचा नंबर फक्त काकांच्या मोबाइलमध्ये. महावितरणचा नंबर लागला, पण तिकडून पहिला प्रश्न आला, “ग्राहक क्रमांक सांगा.” तो नोटमध्ये नव्हता. नंबरासमोर केव्हा लावायचा आणि काय सांगायचं हेही लागतं. सगळ्यात मजेची गोष्ट शेवटी कळली: महावितरणचे आणि लिफ्ट कंपनीचे एसएमएस काकांच्या स्वतःच्या मोबाइलवर यायचे, कारण नोंदणी त्यांच्या नंबराने झालेली. काका गेले की हॉस्टेलचे निरोप दुसऱ्या गावी जाणार होते. ती नोंदणी बदलायला काकांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागला. ते समोर बसले होते म्हणून दोन मिनिटांत झालं.

जाताजाता दादाने काकांना कॅलेंडर दाखवून महिना-महिना विचारलं, कारण नोट लिहिताना माणसाला गेले दोन-तीन महिनेच आठवतात. त्यात उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं निघालं, पावसाळ्याआधी तळघरातला उपसा पंप चालवून बघणं निघालं.

यावर ऑफिसचं म्हणणं ठरलेलं: एवढा वेळ कुणाला आहे? या सगळ्याला दोन सकाळी लागल्या, त्याही पंप चालवायच्या वेळेतच. खरी अडचण वेगळी आहे. हा कागद आपण नोटीस पिरियडच्या शेवटच्या दिवशी मागतो, जेव्हा माणसाचं सामान बांधून झालेलं असतं. महिनाभराची नोटीस असेल तर तो पहिल्या आठवड्यात मागावा, म्हणजे जुनी बिलं शोधायला आणि राहिलेल्या सह्या गोळा करायला तो माणूस हाताशी असतो. नो-ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, मेस, अकाउंट्स अशा सहीच्या रकाना आहेत. त्यात पुढे काम करणाऱ्या माणसाच्या सहीचाही एक रकाना टाकावा, अशी मागणी हॉस्टेल कमिटीने लेखी दिली आहे. काकांची नोट आता साडेतीन पानांची झालीय. फूट व्हॉल्व्हचं काम दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या सोमवारी लावलंय, तेव्हा त्या दिवशी हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवावं.