‘कम्युनिकेशन सुधारा’ म्हणजे नेमके काय?

आमची भाची भिवंडीतील एका घाऊक व्यापारी कंपनीत हिशेब विभागात आहे. बिले बनवणे, ग्राहकांकडे थकलेल्या रकमांसाठी फोन करणे आणि जीएसटीच्या रिटर्नसाठी विक्रीची यादी तयार करून देणे, हे तिचे काम. मार्चमध्ये वर्षाचे मूल्यमापन झाले तेव्हा मॅनेजरांनी तिला एवढेच सांगितले, “काम ठीक आहे, फक्त कम्युनिकेशन सुधारा.” पगारवाढ मिळाली, पण सोबतच्या मुलींपेक्षा कमी.

सप्टेंबरच्या अखेरीस ती घरी आली आणि म्हणाली, “मामू, इंग्रजी बोलण्याचा क्लास लावतेय. फी साडेआठ हजार आहे.”

आम्ही विचारले, “बेटा, साहेबांना इंग्रजीच म्हणायचं होतं, हे कशावरून?”

“दुसरं काय असणार? मी नंतर दोनदा विचारलं की, सर, माझं काम कसं चाललंय? ते म्हणाले, चांगलं आहे, चालू द्या.”

वाचकहो, नोकरी करणारी मुले-मुली आज घरोघरी आहेत आणि हा प्रश्न असाच विचारला जातो. जाता-येता, दारात उभे राहून. मॅनेजरच्या हाताखाली आठ-दहा माणसे असतात. ‘काम कसं चाललंय’ म्हटल्यावर कोणते काम आणि कधीचे, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो ‘चांगलं आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यात त्याचा फारसा कसूर नाही. प्रश्नच इतका मोठा होता की उत्तर छोटेच येणार.

त्या रविवारी आम्ही दोघांनी बसून नवा प्रश्न तयार केला. आधी मुदत ठरवली. एकाच महिन्याबद्दल विचारले तर एखादी चूक किंवा एखादा चांगला दिवस सगळे चित्र बदलून टाकतो. पूर्ण वर्षाबद्दल विचारले तर ऐकणाऱ्याला शेवटचे दोन-तीन आठवडेच आठवतात. म्हणून १ जुलै ते ३० सप्टेंबर हे तीन महिने घेतले. त्यात महिनाअखेरीची गर्दी तीन वेळा येऊन जाते.

मग कामे निवडली, फक्त तीन. भाचीने पहिल्यांदा जी तीन लिहिली ती सगळी तिला चांगली जमणारी होती. आम्ही म्हटले, यातले एक काढ आणि ज्याची तुला धाकधूक वाटते ते घाल. थोडा वेळ विचार करून तिने ‘अडचण आली की कळवणे’ असे लिहिले. शेवटी साहेबांना पाठवलेला मजकूर असा होता:

“सर, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळातील माझ्या कामाबद्दल तुमचे मत हवे आहे. तीन गोष्टी: १) बिलांची अचूकता, २) थकबाकीचा पाठपुरावा, ३) अडचण आल्यावर ती तुम्हाला कळवणे. प्रत्येकात काय चालू ठेवावे आणि काय बदलावे, हे एखाद्या प्रसंगासह सांगितलेत तर मदत होईल. १५ ते १८ ऑक्टोबरदरम्यान वीस मिनिटे मिळतील का?”

तारखा मुद्दाम निवडल्या होत्या. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावे लागते. त्या आठवड्यात हिशेब विभागात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पत्र आठवडाभर आधी गेले, म्हणजे साहेबांना जुने काम आठवायला वेळ मिळाला. आणि पगाराचा विषय त्यात आणला नाही. पगाराची गोष्ट निघाली की मॅनेजर सावध होतो आणि प्रत्येक शब्द मोजून बोलतो.

भेट झाली. बिलांच्या अचूकतेबद्दल साहेब समाधानी होते. थकबाकीबाबत म्हणाले, “एका पार्टीला तुम्ही ऑगस्टमध्ये फोनच केला नाही.” भाचीच्या वहीत त्या पार्टीला केलेल्या दोन फोनच्या तारखा होत्या. पण आम्ही आधीच बजावले होते की तिथे वाद घालायचा नाही. ज्याला बोलावून मत विचारले, त्याच्याशी पहिल्याच वाक्याला भांडलो तर तो दुसरे वाक्य बोलत नाही. तिने लिहून घेतले आणि “मी वही पाहून उद्या सांगते,” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींत तारखा कळवल्या. साहेबांनी ते मान्य केले.

तिसऱ्या गोष्टीवर साहेब आधी म्हणाले, “इथे जरा कम्युनिकेशन कमी पडतं.” पुन्हा तोच शब्द! पण या वेळी भाचीने विचारले, “सर, या तीन महिन्यांतला एक प्रसंग सांगाल का?”

साहेबांना लगेच आठवला. जुलैच्या यादीत दोन ग्राहकांचे जीएसटी नंबर चुकले होते. भाचीला हे ८ ऑगस्टला कळले. तिने दोन दिवस स्वतःच फोन करून बरोबर नंबर मिळवण्याचा प्रयत्न केला. साहेबांना सांगितले ते १० तारखेला संध्याकाळी साडेपाच वाजता. रिटर्नची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. एकाचा नंबर वेळेत मिळाला, दुसऱ्याचे बिल चुकीच्याच नंबरावर गेले. त्यामुळे त्या ग्राहकाला आपल्या खात्यात ते बिल दिसेना, भरलेल्या कराची वजावट मिळेना. दुरुस्ती पुढच्या रिटर्नमध्ये होईपर्यंत त्याने पैसे रोखून धरले.

“आठ तारखेला सांगितलं असतं तर मीच मालकाला फोन केला असता,” साहेब म्हणाले. “तुम्ही चूक स्वतः निस्तरायला बघता आणि मला शेवटी कळतं. मागच्या वर्षीही हेच होत होतं.”

म्हणजे मार्चमधल्या त्या शब्दाचा इंग्रजीशी काही संबंधच नव्हता. ओरडा बसेल या भीतीने ती गोष्ट दाबून ठेवत होती, आणि साडेआठ हजारांच्या क्लासने ते सुधारणार नव्हते.

त्याच संध्याकाळी तिने साहेबांना लिहून कळवले: अडचण लक्षात आली की त्याच दिवशी सांगेन, उत्तर सापडले नसले तरी. नोव्हेंबरच्या अखेरीस तिने पुन्हा विचारले, पण फक्त या एकाच गोष्टीबद्दल आणि १६ ऑक्टोबर ते २५ नोव्हेंबर एवढ्याच काळाबद्दल. उत्तर दोन मिनिटांत मिळाले. दोन अडचणी आल्या होत्या, दोन्ही त्याच दिवशी कळल्या होत्या. एका वेळी मात्र सांगताना बिलाचा नंबर दिला नव्हता, तो पुढे देत जा, असे साहेब म्हणाले.

एवढे करूनही काही मॅनेजर ‘सगळं छान’ याच्या पलीकडे जात नाहीत. प्रसंग मागूनही तो सांगता येत नसेल, तर बहुधा त्याने ते काम जवळून पाहिलेलेच नसते. अशा वेळी हाच प्रश्न, त्याच तारखांसह, ज्याच्या हातात आपले काम पुढे जाते त्याला विचारावा. भाचीच्या बाबतीत तो माणूस म्हणजे रिटर्न भरणारे कर सल्लागार. जानेवारीत ती त्यांना विचारणार आहे. मजकूर या वेळी तिने स्वतःच लिहिला आहे.