दलालाला परवाना केव्हा लागतो?

पेण तालुक्यातील जिते येथे जमिनीचे व्यवहार जुळविण्यास निघालेल्या नव्या दलालाने आधी आपण काय विकून देणार, हे पाहावे. एका शेतकऱ्याचे शेत दुसऱ्याला विकून देण्यास 'महारेरा'ची नोंदणी लागत नाही. मात्र नियोजन क्षेत्रातील दोन एकर बिनशेती जागेवर पाडलेल्या नव्या भूखंडांची दलाली करायची, तर ती अनिवार्य आहे. कारण २०१६ च्या कायद्याने ५०० चौरस मीटरहून मोठा प्रकल्प नोंदवावाच लागतो. विकासकाने तो नोंदविला नसेल, तर दलालाला मोकळीक मिळत नाही. उलट त्यातील विक्रीस मनाईच आहे. २०२३ पासून दलालांच्या नोंदणीसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची झाली. नोंदणीविना दलाली केल्यास दररोज १०,००० रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो.