भुकेसारखी जाणीव आणि तिची बिघडणारी दिशा

हवीशी वाटणारी नाती आणि प्रत्यक्षात लाभत असल्याची भावना यांत अंतर पडले की मनाला जी वेदना होते, तिला मानसशास्त्र एकाकीपणा म्हणते. एकटे असणे ही मात्र केवळ परिस्थिती असून ती बाहेरून पाहणाऱ्यालाही कळते. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी या वेदनेची गणना भूक, तहान आणि शारीरिक दुखणे यांच्याच जातीच्या संकेतांत केली. भूक जशी शरीरातील ऊर्जा घटू लागल्याचे सांगून माणसाला अन्नाकडे वळवते, तसा एकाकीपणा माणसांशी जडलेले बंध सैल होत असल्याचे सांगून त्याला पुन्हा माणसांकडे वळवतो, आणि कळपाने जगण्यावर ज्या प्राण्याचा जीव अवलंबून होता त्याच्यात असा संकेत उत्क्रांतीने टिकून राहावा हे स्वाभाविकच होते, असे त्यांचे म्हणणे होते.

ही तुलना शब्दशः किती खरी आहे हे तपासण्याचा प्रयत्न अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिव्हिया टोमोव्हा, रेबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ४० निरोगी प्रौढांना एके दिवशी दहा तास खोलीत एकटे ठेवण्यात आले. त्यांचे फोन काढून घेतले गेले, आणि मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात स्वतःच कसे शिरायचे हेही त्यांना आधीच शिकवून ठेवले होते, जेणेकरून त्या क्षणीसुद्धा मदतनीसाचा सहवास घडू नये. दुसऱ्या एका दिवशी त्याच व्यक्तींनी दहा तास उपवास केला. दोन्ही दिवसांच्या अखेरीस त्यांना आवडत्या खाद्यपदार्थांची, माणसे एकत्र रमल्याची आणि तुलनेसाठी फुलांची छायाचित्रे दाखवण्यात आली. मध्यमेंदूत डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींचा एक लहानसा भाग असतो आणि एखादी गोष्ट हवीहवीशी वाटण्याशी त्याचा संबंध असतो. हा भाग उपवासानंतर अन्नाच्या चित्रांना आणि एकटेपणानंतर माणसांच्या चित्रांना विशेष प्रतिसाद देताना आढळला, शिवाय दोन्ही प्रतिसादांची ठेवण परस्परांशी मिळतीजुळती होती.

तरीही याच प्रयोगातील एका निष्कर्षाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ज्यांनी आधीच्या काळात वारंवार एकाकी वाटत असल्याचे सांगितले होते, त्यांच्या मध्यमेंदूकडून माणसांच्या चित्रांना मिळणारा प्रतिसाद दहा तासांच्या एकटेपणानंतर इतरांपेक्षा क्षीण होता. दहा तासांच्या प्रयोगावरून वर्षानुवर्षांच्या एकाकीपणाविषयी ठाम विधान करता येणार नाही. पण जुना एकाकीपणा ओढ वाढवतच नेतो, ही सर्वसाधारण समजूत या निष्कर्षाने डळमळीत होते.

माणसांचा सहवास असणे आणि एकाकी नसणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे दक्षिण डकोटातील हटराइट समाजाच्या अभ्यासातून दिसते. या ख्रिस्ती पंथाची मालमत्ता सामाईक असते, शेती सर्वांनी मिळून होते आणि जेवणही एकत्र असते, त्यामुळे रूढ अर्थाने एकटे राहणारे तिथे जवळजवळ कोणीच नाही. कॅसिओपो यांचा सहभाग असलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९५ प्रौढांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारे उपकरण बांधून त्यांची झोप मोजण्यात आली, तेव्हा ज्यांना अधिक एकाकी वाटत होते त्यांची झोप अधिक खंडित असल्याचे आढळले. झोपेच्या एकूण कालावधीत मात्र तसा फरक नव्हता. कॅसिओपो यांच्या सिद्धांतानुसार याचे कारण असे, की आपण समूहात सुरक्षित नाही असे ज्या मेंदूला वाटते तो रात्रीही पुरता निर्धास्त होत नाही.

भुकेशी केलेली तुलना येथे अपुरी पडते, कारण भुकेलेला माणूस समोर आलेल्या ताटावर सहसा संशय घेत नाही, तर दीर्घकाळ एकाकी राहिलेला माणूस समोरच्याच्या चेहऱ्यात नकार शोधू लागतो, उत्तराला झालेल्या उशिराचा अर्थ दुरावा असा लावतो आणि स्वतःच एक पाऊल मागे घेतो. मग समोरचाही खरोखरच दूर जातो आणि मूळ शंका खरी ठरल्यासारखी वाटते. संकेत माणसांकडे नेणारा असला तरी त्याच्याबरोबर जागी झालेली ही सावधगिरी उलट दिशेला ओढते. जो स्वेच्छेने एकांतात बसून वाचतो किंवा रियाज करतो, त्याच्या मनात नात्यांविषयीचा हा संशय मुळात नसतो, म्हणून तासन् तास एकटा असूनही तो एकाकी नसतो.

उपायांचा विचारही यामुळे बदलतो. २०११ मध्ये क्रिस्टोफर मासी, कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी एकाकीपणावरील उपाययोजनांच्या अनेक चाचण्या एकत्रितपणे तपासल्या, तेव्हा भेटीगाठींच्या संधी वाढवणे, संवादाची कौशल्ये शिकवणे किंवा आधार पुरवणे यांपेक्षा, इतरांविषयीचे चुकीचे ग्रह ओळखून ते दुरुस्त करायला शिकवणाऱ्या उपचारांचा परिणाम अधिक दिसला, जरी अशा काटेकोर चाचण्यांची संख्या थोडीच होती. वृद्धांसाठी विरंगुळा केंद्र उघडले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या योजनांनी हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा: जो खरोखरच एकटा पडला आहे त्याच्यासाठी ते केंद्र मोलाचे आहेच, परंतु तिथे रोज येऊनही जो भिंतीलगतच्या खुर्चीवर गप्प बसून राहतो, त्याला आणखी दहा माणसांच्या ओळखीपेक्षा ‘आपण कुणालाच नको आहोत’ हा ग्रह एखाद्या जाणकारासोबत बसून, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या आधारे पडताळून पाहण्याची गरज असते.