कायद्याचा सल्ला: रात्री पोलीस दारात

प्रश्न: दिरांच्या पैशांच्या व्यवहाराची चौकशी चालू आहे. रात्री साडेनऊला दोन हवालदार आले व ‘जबाबासाठी ठाण्यावर चला’ म्हणाले. बरोबर महिला पोलीस नव्हती. मी जायला हवे होते का?
– एक भगिनी, इंदूर

उत्तर: नाही. आपल्याला केवळ माहिती विचारायची होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे अशा स्त्रीला राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. स्वखुशीने ठाण्यावर जाता येते. पण ‘पाच मिनिटांचे काम आहे’ म्हणून नेणे ही काही स्वखुशी नव्हे! लेखी आदेश मागावा. जबाब लिहून घेतला, तरी त्यावर सही करायची नसते.

अटकेचे मात्र वेगळे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. ती दाखवायला सांगावे, पण झटापट करू नये. हा नियम मोडला म्हणून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही, अधिकाऱ्याला कारण मात्र द्यावे लागते, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. म्हणून आलेल्यांची नावे आणि वेळ त्याच रात्री लिहून ठेवावी.