मागे जाता येत नाही, ही मशीनची खोड नाही

आपल्या तालुक्यातल्या नर्सिंग झालेल्या बऱ्याच मुली सध्या अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा द्यायच्या तयारीत आहेत. फी २०० डॉलर, भारतात बसून द्यायची तर आणखी १५० डॉलर आणि वर कर. नापास झालात तर ४५ दिवस थांबून पुन्हा तेवढेच भरा. एवढा पैसा घालून मुली जातात आणि क्लासवाले त्यांना शिकवतात काय, तर सीईटीचाच मंत्र: आधी सोपे सोडवा, अवघड मार्क करून ठेवा, शेवटी परत या, काही रिकामं सोडू नका. मंडळी, या परीक्षेत यातलं एकही चालत नाही. कॉम्प्युटरवर होणारी प्रत्येक परीक्षा सारखीच, असं धरून चालणाऱ्यांवर माझा राग आहे.

सीईटीत पेपर आधीच तयार असतो, कॉम्प्युटर फक्त तो दाखवतो. एनक्लेक्समध्ये तुमचा पेपर तुमच्या उत्तरांतून तयार होत जातो. प्रत्येक उत्तरानंतर मशीन तोवरची सगळी उत्तरं धरून तुमच्या कुवतीचा नवा अंदाज काढतं. मग विषयांचं ठरलेलं प्रमाण सांभाळून असा प्रश्न निवडतं, जो तुम्हाला जमण्याची शक्यता साधारण निम्मी असेल. सहज जमणाऱ्या प्रश्नातून मशीनला काहीच कळत नाही आणि अजिबात न जमणाऱ्यातूनही नाही. केस स्टडीचे सहा-सहा प्रश्न तेवढे ठरलेले असतात.

आता 'स्किप' कुठे बसणार, सांगा. चाळिसाव्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही तर एकेचाळिसावा कशावरून निवडायचा? म्हणून उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही.

मागे जाऊन उत्तर बदलू द्यायला काय हरकत आहे, असं मलाही वाटायचं. पण समजा तशी मुभा दिली. एखादी हुशार मुलगी सुरुवातीचे प्रश्न मुद्दाम चुकवेल, मशीन तिला सोपे प्रश्न देत राहील आणि शेवटी मागे जाऊन ती सगळी उत्तरं बरोबर करेल. सगळंच बरोबर आलं की मशीनला तिची वरची मर्यादा सापडतच नाही, अंदाज उगाच फुगतो. परीक्षाशास्त्रात ही युक्ती तीस वर्षांपासून माहीत आहे. जीमॅटने मधला मार्ग काढला: विभागातले सगळे प्रश्न सोडवून वेळ उरला तर तीनपर्यंत उत्तरं बदला. तीनमध्ये असा डाव साधत नाही. परवाना देणाऱ्या परीक्षेनेही एवढं द्यायला हरकत नसावी, असं माझं मत. पण आज ते नाही, आणि तयारी आजच्या नियमाची करायची असते.

निकालाचंही तसंच. समजा दोघी मैत्रिणींचे ८५ पैकी साधारण निम्मेच बरोबर आले. एक पास, दुसरी नापास. अन्याय? नाही. पहिलीचे निम्मे पासच्या रेषेच्या वरच्या प्रश्नांतले होते, दुसरीचे खालच्या. तिची कुवत रेषेच्या वर किंवा खाली आहे याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. म्हणून '८५ ला स्क्रीन बंद झाली' यावरून पास की नापास हे ओळखणारे व्हॉट्सअॅपवरचे ज्योतिषी सोडून द्या. 'सोपा प्रश्न आला म्हणजे मागचा चुकला' हेही तसंच. विषयाचं प्रमाण भरायलाही प्रश्न येतो, आणि पहिल्या ८५ मध्ये १५ प्रश्न नुसते चाचणीसाठी असतात, ते धरतच नाहीत. ते कोणते हे कळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती 'रिकामं सोडू नका' ही सवय. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, शेवटच्या पाच मिनिटांत गोळे काळे करणं तिथे फायद्याचं. इथे तसं ठोकत सुटलात तर उत्तरं चुकत जातात, प्रश्न सोपे होत जातात आणि सोपेही चुकले की अंदाज धाडकन खाली येतो. उलट ८५ पूर्ण करून वेळ संपली, तर दिलेल्या उत्तरांवरूनच निकाल लागतो, न दिलेले प्रश्न चूक धरत नाहीत. मात्र ८५ च्या आत वेळ संपली तर थेट नापास. एकूण वेळ पाच तास. १५० प्रश्न आले तरी प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात, आणि मधली सुट्टी याच पाच तासांत.

तेव्हा क्लास लावताना एकच विचारा: तुमच्या सराव परीक्षेत मागे जायचं बटण आहे का? असेल, तर त्या सरावाचे पैसे देण्याआधी थांबा. घरी पुस्तकातून सराव करतानाही उत्तर लिहिलं की पान उलटा आणि मागे बघू नका. दोन पर्यायांत अडकल्यावर दीड मिनिटात एकावर बोट ठेवून तो प्रश्न डोक्यातून काढून टाकणं, हीच खरी तालीम आहे आणि ती आपल्या मुलींना कुणी देत नाही.