खर्रा अन् दारू : बेरीज नव्हे, गुणाकार

बोरी अरबच्या बाजारात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले आहे. "दारू तं बाजाराच्या दिवशीच घेतो न बाप्पा, अन् खर्रा तं सारेच खातेत." दोन्ही सवयी अशा वेगवेगळ्या मोजल्या की प्रत्येक लहानच दिसते. गफलत इथेच होते.

खर्ऱ्यातली सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा रस गालफडात तासन् तास मुरतो. त्यावर दारूचा घोट गेला की तोंडाचे आतले अस्तर सैल पडते आणि तंबाखूतील विष खोलवर शिरते. शिवाय दारूचेच तोंडात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि तेही पेशींना इजा करते. घशाचेही तसेच. म्हणून इथे बेरीज लागू पडत नाही. समजा, एका सवयीने धोका तिप्पट आणि दुसरीने दुप्पट होत असेल, तर दोन्ही मिळून तो सहापटीच्या घरात जातो.

टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१० ते २०२१ या काळात गालाच्या कॅन्सरचे १८०३ पुरुष रुग्ण तपासले. त्यांच्या हिशेबाने देशातील अशा १०० रुग्णांपैकी सुमारे ६२ जणांचा रोग दारू आणि चघळायची तंबाखू यांच्या जोडीमुळे होतो. गावठी दारूत धोका अधिक दिसला. अर्थात दारूला न शिवणाऱ्याला नुसता खर्राही पुरतो, हे विसरू नये.

आता सरकारी कागद पाहू. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म भरतात. पस्तीस वर्षांचा एक मजूर घ्या. वयाचा १ गुण, रोजच्या खर्ऱ्याचे २. पुढचा प्रश्न : दारू रोज पिता का? तो म्हणतो, "नाही जी, बाजाराच्या दिवशी." गुण शून्य. कष्टाचे शरीर, पोट सपाट, घरात कोणाला बीपी-शुगर नाही, तिथेही शून्य. एकूण ३. चारच्या वर गेला तरच तपासणीला प्राधान्य मिळते, म्हणजे हा गडी मागे राहिला. फॉर्म बेरीज करतो, रोग गुणाकार करतो!

फॉर्मचा दुसरा भाग मात्र कामाचा आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, बदललेला आवाज, हे त्यात विचारले जाते. पण हे प्रश्न घाईत उरकले जातात. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल, तर माणूस 'उष्णता झाली' म्हणून गप्प बसतो.

आमचे म्हणणे एवढेच की फॉर्म मुंबई-दिल्लीहून बदलेल तेव्हा बदलो. तोवर आशाताईंनी खर्रा खाणाऱ्याला 'रोज पिता का' याऐवजी 'कधी कधी पिता का' असे विचारावे. होय म्हटले तर गुण न पाहता त्याचे नाव तोंडाच्या तपासणीच्या यादीत वर घालावे, आणि ती यादी ग्रामसेवक व सरपंचांनी दर महिन्याला मागावी.